तळचा खण : ४४ नग, शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५, रात्री ठीक ८ वाजता

आईच्या कपाटातला सगळ्यात खालचा खण आठवतो? लग्न, बारसं, हळदीकुंकू, कुणाकुणाच्या घरून ओटीत आलेले खण त्रिकोणी घडी घालून तिथे पडलेले असायचे. काहींना अजून नारळाचा वास. "शिवू कधीतरी" म्हणत म्हणत शिवायचे राहिलेले, आणि मग कुणाची तरी ओटी भरायची वेळ आली की त्यातलाच एक पुढे जायचा. आमच्या घरात एक खण असा फिरत फिरत सात वर्षांनी परत आमच्याचकडे आला होता. आईने कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागावरून ओळखला.

या वेळच्या कपड्यांचं नाव म्हणून "तळचा खण". खणातला खण.

कापड गुळेदगुड्डचं, बागलकोट जिल्ह्यातलं. बदामीला लेणी बघायला गेलात तर तिथून जवळच. हातमागावरचं, ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. दोन्हींचे रंग वेगळे, त्यामुळे उभं राहिलात की एक छटा दिसते आणि हात हलवला की दुसरी. यंत्रमागावरचा पॉलिएस्टर खण बाजारात ढिगाने मिळतो, स्वस्त असतो, मशीनला धुता येतो, आम्हीही घरात त्याचे पडदे लावलेत. तो वाईट नाही. फक्त हा तो नाही, आणि किमतीतला फरक त्यामुळे आहे.

आता नगांचं बोलू. गेल्या दिवाळीत आम्ही "फक्त ३०" असं लिहिलं होतं. ते तासाभरात गेले, आम्ही हवेत गेलो, आणि डिसेंबरात त्याच कापडाचे आणखी २५ शिवून विकले. एका ताईंनी एवढंच लिहून पाठवलं : "फक्त म्हणजे नेमके किती, ताई?" उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. त्यांनी रात्री जागून, घाईघाईने घेतला होता. चूक आमची होती. म्हणून या वेळी आकडा कुठून आला तेही सांगते, म्हणजे हिशेब तुम्हीच करून बघा.

आमच्याकडे एकूण ९९ मीटर कापड आलं. डाळिंबी ४०, मोरपंखी ४० आणि वांगी फक्त १९. वांगीही ४० च सांगितला होता. पण विणकर मामांच्या घरी कांड्या भरायचं काम त्यांची सून करते, आणि ती बाळंत झाली. कांड्या नाहीत तर धोटा चालणार कसा? मामांनी फोनवर विचारलं, "बाहेरून भरून घेऊ का?" आम्हीच नको म्हटलं. बाळ-बाळंतीण दोघी छान आहेत, आणि वांगी रंग १९ मीटर आहे.

खणाचा पन्हा अरुंद, हा ३१ इंच आहे. मुळात चोळीपुरतं विणायचं कापड ते. त्यामुळे एका कुर्तीला पावणेतीन मीटर लागतात, बंडीला सव्वा मीटर, आणि लहान मुलीच्या परकर-पोलक्याला सव्वादोन. मास्तरांनी आधी मांजरपाटावर कापून बघितलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. अशा बेताने २२ कुर्त्या, १८ बंड्या आणि ६ परकर-पोलकी निघाली. एकूण ४६. उरलेली अडीच मीटरची तुकडी पाइपिनला आणि बटणं मढवायला गेली.

त्यातले दोन विकायचे नाहीत. ३८ मापाची एक मोरपंखी कुर्ती फोटोसाठी वापरली, तीन वेळा धुऊन बघितली, ती आता माझी. आणि दोन वर्षांच्या मापाचं एक मोरपंखी परकर-पोलकं मामांच्या थोरल्या नातीला गेलं. राहिले ४४. माझ्या जाऊबाईंनाही हवंय एक, त्याही शनिवारी आठ वाजता फोन घेऊनच बसणार आहेत. मागच्या दाराने एकही नग गेलेला नाही.

मापं नीट बघून ठेवा, कारण आठ वाजता विचार करायला वेळ मिळणार नाही.

कुर्ती, २१ नग, किंमत २,८५० रुपये
डाळिंबी ९ : ३६ च्या २, ३८ च्या ३, ४० च्या २, ४२ ची १, ४४ ची १
मोरपंखी ८ : ३६ च्या २, ३८ च्या २, ४० च्या २, ४२ ची १, ४४ ची १
वांगी ४ : ३८ च्या २, ४० ची १, ४२ ची १

बंडी, १८ नग, किंमत १,९५० रुपये
तिन्ही रंगांत प्रत्येकी ६ : लहान २, मध्यम २, मोठ्या २. बाई-पुरुष कुणीही घाला. छाती अनुक्रमे ३६, ४० आणि ४४.

परकर-पोलकं, ५ नग, किंमत २,२०० रुपये
डाळिंबी ३ : दोन, तीन आणि चार वर्षांचं प्रत्येकी एक
मोरपंखी २ : तीन आणि चार वर्षांचं प्रत्येकी एक

किमतीत कर धरलेला आहे. कुरियरचे ९० रुपये वेगळे, भारतात कुठेही.

४२ आणि ४४ च्या कुर्त्यांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ३१ इंची पन्ह्यात ही मापं एका पाटात बसत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंना त्याच रंगाच्या साध्या सुती कापडाची कळी लावली आहे. आम्हाला ती आवडली, चालताना मोकळं वाटतं. पण फोटोत ३८ ची कुर्ती आहे, तिला कळी नाही. शेवटच्या फोटोत ४४ ची बाजूने दाखवली आहे, ती बघूनच ठरवा. मोठी मापं कमी का, असंही कुणी विचारेल. विचारायलाच हवं. आम्ही जुन्या ऑर्डरी बघून मापं ठरवली, आणि जुन्या वेळी ४४ शिवलंच नव्हतं, मग ऑर्डर येणार कुठून? हे कापून झाल्यावर डोक्यात आलं. पुढच्या वेळी सुधारू.

डाळिंबी मोठ्या बंड्यांपैकी एकीच्या पाठीवर विणकामात बुट्ट्यांची एक ओळ तुटली आहे, तळहाताएवढी. फाटलेलं नाही, फाटणारही नाही, पण दिसतं. ती १,५०० ला, फोटोसकट वेगळी लावली आहे. वरच्या १८ मध्येच धरली आहे.

वेळ. शनिवार, ४ ऑक्टोबर, रात्री ८:००, भारतीय वेळ. दुकानाची लिंक वर प्रोफाइलमध्ये आहे. ७:५९ ला पान बंदच दिसेल, पुनःपुन्हा उघडून फोन तापवू नका. कुणाला आधी लिंक नाही, मेसेजवर बुकिंग नाही, "ताई माझ्यासाठी एक बाजूला ठेवा" नाही. गेल्या खेपेला मी ठेवले होते आणि मग रात्रभर ज्यांना मिळाला नाही त्यांचे मेसेज वाचत बसले होते.

परदेशात आम्ही पाठवत नाही. पण माहेरच्या किंवा सासरच्या इथल्या पत्त्यावर मागवणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, त्यांच्यासाठी : दुबईत तेव्हा संध्याकाळचे साडेसहा, लंडनमध्ये दुपारचे साडेतीन, न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा. सिडनीवाल्यांनो, तुमच्याकडे रविवार उजाडून मध्यरात्रीचे साडेबारा झालेले असतील, आणि त्याच रात्री दोन वाजता तुमची घड्याळं तासभर पुढे जाणार आहेत. तुम्हाला आधी झोपून घ्यावं लागेल.

एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन नग. मायलेकींचं एकसारखं घेता यावं म्हणून दोन, नाहीतर एकच ठेवणार होतो. पिशवीत टाकलं म्हणजे तुमचं झालं असं नाही, पैसे भरले गेले की तुमचं. खात्यातून पैसे गेले आणि ऑर्डर क्रमांक आला नाही, तर दुसऱ्यांदा भरू नका, आम्हाला मेसेज करा. मी आणि माझा भाऊ दोघे रात्री अकरापर्यंत फोनवर आहोत. नग तोवर संपला असेल तर पैसे पूर्ण परत.

साडेआठला आणि दहाला स्टोरीवर उरलेला खरा आकडा टाकू. सगळं गेलं तर गेलं म्हणू. २० उरले तर २० उरले म्हणू, आणि ते भाऊबीजेपर्यंत याच किमतीला मिळत राहतील. मागाहून सवलत लावून आधी घेणाऱ्यांना मूर्खात काढायचं नाही.

पुन्हा शिवणार का? हाच रंगजोड, हाच काठ परत विणून घेणार नाही. मामा विणू शकतात, कापड काही संपलेलं नाही जगातून, तेव्हा "पुन्हा कधीच नाही" असलं नाटक करत नाही. खण पुढच्या वर्षीही आणू, पण तो वेगळा असेल आणि बघताक्षणी वेगळा कळेल.

खरं तर हे घटस्थापनेला आणायचं होतं. दसरा परवा होऊन जाईल, तो चुकलाच. आता दिवाळीचं बघतोय. सोमवार ६ ते बुधवार ८ ऑक्टोबर या तीन दिवसांत सगळी पार्सलं कुरियरला देऊ. शहरांत साधारण तीन ते पाच दिवस, गावाकडे आठवडा धरा. धनत्रयोदशी १८ तारखेला आहे, तोवर पोचायला हरकत नाही. तरी दिवाळीआधी कुरियरवाल्यांकडे काय ढीग असतो ते तुम्हाला माहीत आहे, त्यांच्या वतीने शपथ घेत नाही.

माप बदलून मिळणार नाही, कारण बदलून द्यायला दुसरा नगच नाही. बसलं नाही तर हातात पडल्यापासून तीन दिवसांत कळवा, न वापरता परत पाठवा, पैसे देऊ. परतीचं कुरियर तुमचं. परत आलेला नग असेल तसा, परत आलेला म्हणूनच पुन्हा लावू.

धुण्याचं : पहिली दोन वेळा ड्रायक्लीन, नंतर गार पाण्यात एकटं, सावलीत वाळवा. डाळिंबी रंग सोडतो. पांढऱ्या सदऱ्याबरोबर भिजवलात तर तो सदराही डाळिंबी. अस्तर सुती आहे, आधी पाण्यातून काढलेलं, त्यामुळे आत आटून चुण्या पडणार नाहीत. कुर्तीला दोन्ही बाजूंना खिसे आहेत. मोबाइल मावतो, मोजून बघितलाय.

फोटो गच्चीवर सकाळी सात वाजता काढलेत, भावाच्या फोनवर. वांगी रंग त्यात जरा निळा आलाय. खरा रंग बघायचा असेल तर बाजारातून चकचकीत भरताचं वांगं आणा आणि खिडकीशी धरा, तो. घातलेल्या तिघी म्हणजे मी, आमच्याकडे शिवणाऱ्या काकू आणि काकूंची लेक. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः शिवलेलं घालून फोटो काढला, आणि लगेच उतरवून, घडी घालून विक्रीच्या गठ्ठ्यात ठेवायला निघाल्या. ती बंडी मध्यम, मोरपंखी. पाच मिनिटं अंगावर होती, वरच्या १८ मध्ये आहे, हेही सांगून ठेवते.

#तळचाखण #खण #गुळेदगुड्ड #हातमाग #फक्त४४