तांत्रिक मूल्यमापन टिपणी : जॅकवेलवरील व्हर्टिकल टर्बाइन पंपसंच बदलणे व ५ वर्षे देखभाल-दुरुस्ती

सादर : मा. मुख्याधिकारी यांच्यामार्फत स्थायी समितीकडे
विभाग : पाणीपुरवठा
दिनांक : १९ सप्टेंबर २०२५

जॅकवेलवरील तीन जुने पंपसंच काढून प्रत्येकी ३०० घनमीटर प्रति तास, ६० मीटर शीर्षाचे नवे संच (दोन चालू, एक राखीव) ७५ किलोवॅट मोटारीसह बसवणे आणि पाच वर्षे चालवून देणे, असे हे काम आहे. अंदाजपत्रकीय किंमत रु. १,४६,००,०००. ई-निविदेस चार देकार आले. लिफाफा क्र. १ दि. १२ ऑगस्ट रोजी व लिफाफा क्र. २ दि. ९ सप्टेंबर रोजी उघडला. देकारांची वैधता १० डिसेंबरपर्यंत आहे. निविदाधारकांची नावे सोबतच्या तुलनात्मक तक्त्यात असून येथे ते क्रमांकाने दर्शवले आहेत. मूल्यमापन समितीच्या तिन्ही सदस्यांनी हितसंबंध नसल्याची घोषणापत्रे लिफाफे उघडण्यापूर्वीच दिली आहेत.

अपात्र देकार. निविदाधारक क्र. ४ ने अनुभवासाठी जोडलेले दोन्ही काम पूर्णत्वाचे दाखले सबमर्सिबल पंपांचे आहेत. निविदेत आयएस १७१० नुसारच्या व्हर्टिकल टर्बाइन पंपांचा अनुभव मागितला होता. लेखी खुलासा मागवला असता त्यांनी तेच दाखले पुन्हा पाठवले. त्यामुळे त्यांचा लिफाफा क्र. २ उघडला नाही.

गुणांकन. निविदा अट १४ प्रमाणे तांत्रिक गुणांचा भार ३० व आर्थिक गुणांचा ७० टक्के असून तांत्रिक पात्रतेसाठी किमान ७० गुण हवेत.

| निकष (कमाल गुण) | क्र. १ | क्र. २ | क्र. ३ |
|---|---|---|---|
| हमी कार्यक्षमता (३०) | १८.०० | २६.२५ | ९.७५ |
| समान कामाचा अनुभव (२०) | १८ | १६ | २० |
| देखभाल व सुटे भाग (२०) | ११ | १७ | १६ |
| वार्षिक उलाढाल (१०) | १० | ८ | १० |
| कार्यपद्धती (२०) | १४ | १७ | १७ |
| तांत्रिक एकूण | ७१.०० | ८४.२५ | ७२.७५ |
| देकार (रु. लाख) | १३८ | १४४ | १४१ |
| आर्थिक गुण | १००.०० | ९५.८३ | ९७.८७ |
| एकत्रित गुण | ९१.३० | ९२.३६ | ९०.३४ |

हमी कार्यक्षमता. पहिल्या दोघांत एकत्रित गुणांचा फरक १.०६ इतकाच आहे आणि तो याच निकषाने पडला आहे, म्हणून येथे तपशील देणे भाग आहे. क्र. १ ने पंपाची कार्यक्षमता ८४ टक्के लिहिली, क्र. २ ने ८२ आणि क्र. ३ ने ८०. नुसते आकडे पाहिले तर क्र. १ पुढे दिसतो. परंतु क्र. १ च्या वक्राखाली बारीक अक्षरात आयएसओ ९९०६ ची २बी श्रेणी नमूद आहे. या श्रेणीत चाचणीवेळी कार्यक्षमता ५ टक्क्यांपर्यंत कमी भरली तरी पंप उत्तीर्ण ठरतो; म्हणजे ८४ च्या ९५ टक्के, ७९.८. क्र. ३ ची श्रेणी १बी, सूट ३ टक्के, त्यामुळे त्यांची ८० ही ७७.६ धरावी लागते. क्र. २ ने १यू श्रेणी दिली असून तीत कार्यक्षमतेला उणी सूट नाही. त्यांचे ८२ हे ८२ च राहतात.

अट १४(२) मध्ये ‘अनुज्ञेय उणी सूट वजा जाता उरणारी कार्यक्षमता’ असेच शब्द आहेत. ७५ टक्क्यांना शून्य व ८३ टक्क्यांना ३० गुण आणि मधल्या आकड्यांना प्रमाणात, हे सूत्रही तेथेच दिले आहे. गुण दि. २ सप्टेंबरला पोर्टलवर प्रसिद्ध केल्यावर क्र. १ ने दि. ४ रोजी हरकत घेतली की लिहिलेली ८४ टक्केच धरावीत. तसे धरले तर त्यांचे तांत्रिक गुण ८३ व एकत्रित गुण ९४.९० होऊन काम त्यांच्याकडे जाते, हे समितीने तपासून पाहिले. तरीही हरकत मान्य करता येत नाही. सूट वजा करणार का, हा प्रश्न निविदापूर्व बैठकीत क्र. १ च्याच प्रतिनिधीने विचारला होता आणि ‘होय’ हे उत्तर खुलासा क्र. ३ म्हणून सर्वांसाठी पोर्टलवर गेले होते. त्यानंतरही त्यांनी २बी श्रेणीच ठेवली. दि. ८ रोजी त्यांना तसे लेखी कळवले आहे.

देखभाल. क्र. १ ने सेवा केंद्र म्हणून दिलेल्या पत्त्यावर समिती गेली, तेव्हा भाड्याचे गोदाम, त्यात एक लेथ आणि एक बेअरिंग पुलर एवढेच आढळले. कॉलम पाइप व लाइन शाफ्ट साठ्यात नव्हते. क्र. २ च्या कार्यशाळेत याच मापाचे दोन बाउल असेंब्ली खोलून ठेवलेले होते आणि शाफ्ट स्लीव्ह, रबर बेअरिंग कप्प्यांत क्रमांक लावून होते. मे महिन्यात पंप बंद पडला की शहराला टँकर लावावे लागतात. या निकषाला २० गुण ठेवले ते त्यासाठीच.

कार्यपद्धती. क्र. १ च्या वेळापत्रकात तिन्ही पंप एकदम काढून अकरा दिवस उपसा बंद ठेवण्याचे दाखवले आहे. शहराला ते परवडणारे नाही. क्र. २ व क्र. ३ एक-एक पंप बदलणार आहेत. अनुभव आणि उलाढालीत क्र. २ थोडा मागे आहे, तसे गुणही कमी दिले आहेत.

लेखापालांचे मत. समितीतील लेखापालांनी इतिवृत्तात नोंदवले आहे की सर्वांत कमी देकार डावलून रु. ६ लाख जास्त मोजण्याचे कारण लेखापरीक्षणात विचारले जाईल. रास्त शंका आहे. याचे पहिले उत्तर असे की निविदा नीचतम दराची नव्हतीच, भार आधीच जाहीर होते. दुसरे, विजेचे. पाण्याला द्यावी लागणारी शक्ती दर पंपास ४९.०५ किलोवॅट. मोटारीची कार्यक्षमता ९५ टक्के धरली तर ८२ व ७९.८ टक्क्यांतला फरक दर पंपास सुमारे १.७४ किलोवॅट येतो. दोन पंप रोज २० तास चालतात, म्हणजे वर्षाला सुमारे २५,३०० युनिट. मागील वर्षाच्या बिलांतील सरासरी रु. ७.५० दराने ते सुमारे रु. १.९० लाख होतात. जादा सहा लाख सव्वातीन वर्षांच्या आत वसूल होऊन पाच वर्षांत साडेनऊ लाख वाचतात. हा हिशेब गुणांत धरलेला नाही. निविदेत नव्हता, म्हणून धरता येत नाही. लेखापालांनी हिशेब पाहून शिफारशीवर सही केली, मात्र आपली नोंद कायम ठेवली आहे.

शिफारस. सर्वाधिक एकत्रित गुण मिळवणाऱ्या निविदाधारक क्र. २ यांचा रु. १,४४,००,००० चा देकार, जो अंदाजपत्रकीय किमतीपेक्षा १.३७ टक्के कमी आहे, पुढील अटींवर स्वीकारावा :

तिन्ही पंपांची कारखान्यात पाणीपुरवठा अभियंत्यासमक्ष १यू श्रेणीत चाचणी व्हावी. ८२ टक्क्यांखाली भरलेला पंप जागेवर आणू नये. देयकातून कपात करून तो स्वीकारण्याची मुभा ठेवू नये, अन्यथा वरील सगळे गुणांकन निरर्थक ठरेल. दुसरा पंप काढण्यापूर्वी पहिला नवा पंप सलग ७२ तास चाललेला असावा. सुरक्षा अनामत भरून करारनामा झाल्यावरच कार्यादेश द्यावा आणि क्र. १ व क्र. ३ यांची बयाणा रक्कम त्यानंतर परत करावी. क्र. ४ ची रक्कम आताच परत करण्यास हरकत नाही.

मार्चअखेर दोन पंप चालू करायचे तर कार्यादेश नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायला हवा. म्हणून विषय स्थायी समितीच्या येत्या सभेपुढे ठेवावा, ही विनंती.

आदेशार्थ सादर.

पाणीपुरवठा अभियंता (सदस्य सचिव)
लेखापाल (सदस्य, इतिवृत्तातील नोंदीसह)
उपमुख्याधिकारी (अध्यक्ष, मूल्यमापन समिती)