मॅडमचा परिचय तू करून द्यावास

भूगोल विभाग, अर्जुनी मोरगाव
जि. गोंदिया
8 डिसेंबर 2025

चि. सौ. सुरेखा हिस अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू घरी येऊन गेलीस, तेव्हा ही गोष्ट पक्की नव्हती म्हणून बोललो नाही. आता ठरलं आहे. शनिवार, 10 जानेवारी 2026 रोजी आपल्या महाविद्यालयात मामा तलावांवर एक दिवसाचं चर्चासत्र घेत आहोत. निमंत्रणपत्रिकेचा कच्चा नमुना सोबत जोडला आहे. बीजभाषण करणाऱ्या पाहुण्यांचं नाव वाच. ओळखलंस ना? 2012 च्या मे महिन्यात तुमच्या गावच्या तलावावर आठ दिवस फिरणाऱ्या त्याच मॅडम.

त्यांचा परिचय तू करून द्यावास, अशी माझी मनापासून इच्छा आहे. विभागात दोन-तीन नावं निघाली होती. मी तुझंच नाव धरून ठेवलं आणि प्राचार्यांनीही होकार दिला. बाकीचे लोक त्यांचा बायोडाटा वाचून बोलतील. तू त्यांच्याबरोबर पाळीवर चालली आहेस.

तुला आठवत असेल, तू तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतीस. सुट्टीत पाळीची लांबी मोजायला टेपचं एक टोक तू धरलं होतंस, दुसरं मॅडमनी. तुझ्या बाबांनी त्यांना डोंग्यातून तलावभर फिरवलं. पाण्यातल्या एकेका वनस्पतीला आपले ढीवर लोक काय म्हणतात, कोणत्या मासोळीला कुठली जागा लागते, गाळ कुठल्या अंगाला जास्त साचतो, हे सगळं बाबा सांगत होते आणि मॅडम मांडीवरच्या वहीत लिहीत होत्या. मी काठावर उभा राहून पाहत होतो. शिकलेलं माणूस इतक्या नम्रपणे ऐकताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे. पुढे त्यांचा प्रबंध झाला. त्याची प्रत आपल्या ग्रंथालयात आहे. ऋणनिर्देशाच्या पानावर तुझ्या बाबांचं नाव त्यांच्या मार्गदर्शकांच्या नावाच्या लगेच खाली आहे. हे तुला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो.

परिचयाचा गाभा मला इथेच दिसतो. मॅडमच्या पदव्या, पुरस्कार, समित्या हे सगळं पत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलं जाणार आहे, ते पुन्हा वाचू नकोस. त्या आज कुठे काम करतात, किती वर्षं तलावांवर काम करताहेत आणि ते काम कशाबद्दल आहे, एवढं तीन-चार वाक्यांत सांग. उरलेला वेळ त्या आठ दिवसांना दे. पण आठवणीत मध्यभागी मॅडम राहू देत, आपण कडेला. 'मी, माझं, मला' फार आलं की ऐकणाऱ्याचं लक्ष पाहुण्यांवरून हलतं. एकच प्रसंग निवड आणि तो नीट सांग.

वेळ चार मिनिटं. पाच नाही. लिहून काढलंस तर साधारण चारशे शब्द, तुझ्या अक्षरात दीड पान. याबाबतीत मी कडक का आहे ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात परिचय बावीस मिनिटं चालला. पाहुण्यांना दुपारची गाडी गाठायची होती, त्यामुळे त्यांचं भाषण अर्ध्यावर आटोपलं. मागच्या रांगेत धानाचे शेतकरी बसले होते, प्रश्न कागदावर लिहून आणले होते त्यांनी. एकालाही विचारायला मिळालं नाही. त्यांतला एक जण कागदाची घडी खिशात घालून उठला, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. यंदाही आपल्याकडे शेतकरी येणार आहेत, ढीवर संस्थांचे सभासद येणार आहेत. त्यांचा वेळ आपण खायचा नाही.

भाषा तू शाळेत पालकसभेत बोलतेस तशी असू दे. 'ज्यांच्या परिचयाची गरज नाही' आणि 'सूर्यापुढे काजवा' या दोन गोष्टी कृपा करून टाळ. 'विदुषी', 'व्यासंगी', 'अष्टपैलू' असे शब्दही नकोत, कारण ते कुणालाही लावता येतात. त्याऐवजी 'दुपारच्या उन्हात पाळीवर बसून त्यांनी शिदोरी सोडली आणि अर्धी मला दिली' असं काही घडलं असेल तर ते सांग. पाळ, बोडी, बांधी, धुरा हे आपले शब्द मोकळेपणाने वापर. पुण्या-मुंबईचे पाहुणे असतील म्हणून ते बदलायची गरज नाही. मॅडमना ते शब्द आपल्याइतकेच कळतात.

मालगुजारी 1951 मध्ये गेली, तलाव सरकारच्या ताब्यात आले, मग पाळीची आणि पाटांची देखरेख कुणी करायची हा प्रश्न गावोगाव तसाच लोंबकळत राहिला. मॅडम बोलणार आहेत त्या नेमकं यावरच. म्हणून तू त्या विषयात शिरू नकोस. कोहळी समाजाने हे तलाव कसे बांधले, निस्ताराचे हक्क काय होते, हेही त्यांच्यासाठी ठेव. तुझ्या बोलण्यातून लोकांना एवढंच कळावं की ही बाई आपल्या तलावाबद्दल बोलायला उभी राहते, कारण तिने तो पायांनी मोजला आहे. एक बारीक गोष्ट: प्रबंधात जिथे जुन्या नोंदी आहेत तिथे जिल्हा 'भंडारा' असं येईल. गोंदिया 1999 मध्ये वेगळा झाला. वाचताना गोंधळू नकोस.

स्वागत प्राचार्य करतील, मंचावरच्या सगळ्यांची नावं सूत्रसंचालक घेतील. तू उभी राहिलीस की सरळ सुरुवात कर. मॅडमचं पूर्ण नाव अगदी शेवटी घे आणि खाली बस, त्यानंतर एकही वाक्य नको. टाळ्या त्यांच्यासाठी वाजू देत.

मसुदा 28 डिसेंबरपर्यंत पाठव. शक्य झालं तर घड्याळ लावून मोठ्याने वाच आणि ते रेकॉर्ड करून पाठव. कागदावर छान वाटलेलं वाक्य कधीकधी तोंडात अडकतं. मी फक्त लांबी आणि तपशील पाहीन, शब्द तुझेच राहतील. तुझ्या पहिल्या वर्षाच्या स्नेहसंमेलनात तू कागद विसरलीस आणि तसंच बोललीस, ते भाषण मला अजून आठवतं. तुला जमेल की नाही, ही शंका मला नाही.

शनिवारी तुझी सकाळची शाळा असते. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने महाविद्यालयाचं पत्र वेगळं पाठवतो आहे, तू मुख्याध्यापकांना आधी तोंडी सांगून ठेव. उद्घाटन साडेदहाला, तुझी पाळी अकरा-सव्वाअकराच्या सुमारास येईल. दहापर्यंत पोहोच, म्हणजे मॅडमशी चहाच्या वेळी बोलता येईल. जाण्यायेण्याचं भाडं विभाग देईल, संकोच करू नकोस. जेवण इथेच आहे.

आणि बाबांना घेऊन ये. त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवतो. आपल्याला बोलावलंय हे त्यांना पटणार नाही, म्हणून त्यांच्या नावाची पत्रिका वेगळी छापून घेतो आहे आणि ती मी स्वतः गावी आणून देईन. मॅडमना याबद्दल अजून काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

काही अडचण असेल तर रात्री आठनंतर फोन कर, दिवसा तास असतात. बाबांना रामराम आणि लेकरांना आशीर्वाद सांग.

तुझे,
कापगते सर