माझा पण एक होता

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात दिगंबर जॉबर होता, म्हणजे माग दुरुस्त करणारा. माग सुरू झाले की तिथं कानाशी ओरडलं तरच ऐकू जातं, म्हणून सगळा कारभार हातावर चालतो. अंगठा ओठाला लावला की चहा, मनगटावर टिचकी मारली की पाळी सुटायला किती अवकाश, दोन बोटांची कात्री केली की तार तुटली. दिगंबरचे हात भराभर बोलायचे. घरी मात्र त्याच्याकडं तीनच शब्द होते. हो, नको आणि बघू.

शोभाला त्याची सवय झाली होती. भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत तीच बोलायची. दुधाचा हिशोब, भाचीचं लग्न, नळाला न आलेलं पाणी. एक विषय तिनंही सोडून दिला होता. निखिलचा फोटो भिंतीवर लावायचा नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं. तो कपाटात साड्यांखाली गेला आणि तिथंच राहिला. सहा वर्षांचं पोर तापानं गेलं, त्याला आता बावीस वर्षं होत आली होती.

दिवाळीच्या आधी कारखान्यातल्या श्रीनूचे वडील वारले. तेराव्यानंतर पोरगा कामावर आला. पूर्व भागातलं तेलुगू घर, वडीलही विणकरच. मालकानं दोन माग त्याच्या हवाली केले. दुपारी दिगंबर फिरत फिरत तिथं आला तर चादरीवर मोराच्या पिसाऱ्यातून एक उभी रेघ चालली होती. तुटलेली तार श्रीनूनं फणीच्या भलत्याच घरातून ओढून घेतली होती. हातभर माल वाया गेला होता आणि पोरगा मागाकडं बघत नुसता उभा होता.

दिगंबरनं माग थांबवला. एरवी त्यानं तार ओढून दिली असती, पाठीवर थाप मारली असती आणि पुढं गेला असता. त्या दिवशी त्यानं श्रीनूच्या दंडाला धरलं आणि फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर नेलं.

"जेवलास का बे?"

"जेवलो की मामा."

जेवला नव्हता, ते तोंडावर दिसत होतं. चहा आला. श्रीनूनं कप हातात धरला, पण तोंडाला लावला नाही. दिगंबरही गप्प बसला. मग रस्त्याकडं बघत म्हणाला, "माझा पण एक होता. पोरगा. निखिल नाव."

तो एवढंच बोलला. श्रीनू मात्र त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला, आणि दिगंबरला हात कुठं ठेवावा ते कळेना. शेवटी त्यानं तो पोराच्या केसांवर ठेवला.

ही गोष्ट रात्री जेवताना त्यानं शोभाला सांगितली. तिला बरं वाटेल, असंच त्याला वाटलं होतं. ती भाकरी मोडता मोडता थांबली.

"त्याला सांगितलंत?"

"हो."

"परक्या पोराला. टपरीवर बसून." तिचा आवाज चढला नाही, पण हात थरथरत होते. "बावीस वर्षं मी या घरात त्याचं नाव घ्यायची वाट बघतेय. एकदा तरी माझ्यासमोर घेतलंत?"

ती ताटावरून उठून गेली. दिगंबर बसून राहिला.

पुढचे आठ-दहा दिवस घरात शोभाही बोलली नाही. गप्प माणसाच्या घरातली बोलकी बाई गप्प झाली की काय होतं, ते दिगंबरला तेव्हा कळलं. तो घरी येई, पाय धुई, वाढलेलं जेवे. काही तरी बोलावं म्हणून तोंड उघडे, आणि "पाणी आलं होतं का?" एवढंच बाहेर पडे. उत्तर म्हणून ती भरलेल्या घागरीकडं बोट दाखवी. हातवारे आता घरात आले होते.

एका रविवारी शोभा शेंगाची चटणी कुटायला बसली. ती मिक्सरला कधीच लावायची नाही. उखळात कुटल्याशिवाय चटणीला तेल सुटत नाही, असं तिचं ठाम मत. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ. मुसळीचा धप धप आवाज सुरू झाला आणि दारात बसलेला दिगंबर बोलायला लागला.

"त्या दिवशी मी दवाखान्यातून खाली गेलो होतो. औषधं आणायला."

मुसळ थांबली. दिगंबरही थांबला. त्याचं पुढचं वाक्य घशातच राहिलं. शोभानं त्याच्याकडं पाहिलं, मग खाली मान घालून पुन्हा कुटायला लागली.

"वर आलो तेव्हा तू त्याला मांडीवर घेऊन बसली होतीस. मला कुणी सांगितलं नाही. मला कळलं. मग ती औषधं काय करायची ते सुचेना. पिशवी हातातच राहिली. घरी आल्यावर सुद्धा हातातच होती."

धप, धप, धप. चटणी केव्हाच झाली होती. तिचा लाल गोळा उखळाला चिकटत होता, तरी शोभा कुटत राहिली.

"दुसऱ्या दिवशी कामावर का गेलात?" तिनं मान वर न करता विचारलं. "माझं सोडा. लोक काय काय बोलले."

दिगंबरनं यावर बराच वेळ घेतला.

"तिथं मला कुणी काही विचारू शकत नव्हतं. रडलो तरी आवाज येत नव्हता. मी मागाच्या मागं उभा राहून रडायचो, शोभा. मालकाला वाटायचं, सुताची धूळ डोळ्यात गेली."

शोभानं मुसळ बाजूला ठेवली. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला काहीच झालं नाही."

यानंतर दिगंबर एकदम बोलका झाला, असं नाही. आठवड्याला एखादं वाक्य निघे. कधी अर्धंच निघे आणि तो चपला घालून कंबर तलावाकडं चालायला निघून जाई. तेव्हा तिला राग येई. परत आला की उरलेलं अर्धं तो दारातच सांगे, कारण आत येऊन बसला तर राहून जाईल, अशी त्याला धास्ती वाटे. श्रीनूलाही तो विचारायचा, "आज आठवण आली का?" श्रीनू सांगायचा. मग श्रीनू विचारायचा, "तुम्हाला?" आणि दिगंबरला उत्तर द्यावं लागायचं.

फोटो शोभानंच बाहेर काढला. खिळा त्यानं ठोकला.

संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरली, तसे दोघं होम मैदानावर गेले. इतकी वर्षं ते सिद्धेश्वराच्या काठ्यांची मिरवणूक घरासमोरच्या रस्त्यावरूनच बघून परतायचे. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर, आणि दिगंबरचा हात आपोआप उजव्या खांद्याकडं गेला.

"इथं बसायचा," तो म्हणाला. "काठी दिसली की माझे केस ओढायचा. दुखायचं मला."

"त्या वर्षी तुम्ही त्याला पिपाणी घेऊन दिली होती."

"पिपाणी नाही. चक्री. कागदाची, लाल-पिवळी."

"काहीही काय सांगता? रात्रभर वाजवून डोकं उठवलं होतं त्यानं."

"ती आदल्या वर्षीची पिपाणी. तिचं तोंड फुटलं म्हणून तर रडत होता, म्हणून मी चक्री घेतली. पन्नास पैशाला."

"एक रुपयाला असेल. आणि पिपाणीच होती."

"अगं, मी घेतली होती ना? मला ठाऊक नसेल?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? आता माझं पण थोडं खरं धरा."

पाळण्यांच्या आवाजात दोघंही मोठ्यानं बोलत होते. शोभानं पर्समधून मोबाईल काढला आणि ताईला फोन लावला, कारण त्या वर्षी ताई सोबत होती.