शॉपिंग अॅट्रियम: सुटकेचा वेळ आणि धुराच्या थराची तपासणी

छतावरचे प्रस्तावित सहा धूरपंखे (प्रत्येकी १२, एकूण ७२ घनमीटर प्रति सेकंद) अॅट्रियमच्या तळावरच्या आगीला जेमतेम पुरतात. दुकानातल्या आगीला ते पुरत नाहीत. आराखडा आहे तसा मंजुरीला पाठवू नये.

निकष. तळ ४० × २५ मी., उंची १८ मी. सर्वांत वरची गॅलरी १० मीटरवर आहे, म्हणून थर १२ मीटरच्या खाली उतरता कामा नये. थराचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आत हवे.

लागणारा वेळ. वरच्या गॅलरीत ४२० माणसे धरली आहेत. आग कळायला ७५ सेकंद, खात्री करायला ३०, माणसे हलायला ९०. जिन्यापर्यंत २५ सेकंद. दोन जिन्यांची मिळून उपयुक्त रुंदी २.४ मी., म्हणजे रांग सरायला १७३ सेकंद. चालण्याच्या वेळेला दीडपट धरून एकूण ४९२ सेकंद. सरकते जिने मोजलेले नाहीत.

मिळणारा वेळ. जलद वाढणारी आग आणि पंखे बंद असतील, तर एनएफपीए ९२ या धूरनियंत्रणाच्या मानकातल्या सूत्राने थर १८२ सेकंदांत १२ मीटरवर येतो. म्हणजे पंखे त्याआधी पूर्ण वेगात हवेत. ७५ + ३० + पंखे आणि डँपरसाठी ६० = १६५ सेकंद. हाताशी फक्त १७ सेकंद उरतात, म्हणून दोन बीम डिटेक्टरांनी एकदम इशारा दिला तर खात्रीची वाट न पाहता पंखे सुरू करावेत.

तळावर ५ मेगावॅटची आग धरली तर १२ मीटरवर ७४ किलो प्रति सेकंद धूर येतो, तापमान ६७ अंश, आकारमान ७१ घनमीटर. एक पंखा बंद पडला की थर १०.५ मीटरवर, गॅलरीतल्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत! सातवा, राखीव पंखा हवाच. आत येणाऱ्या हवेचा वेग १ मी./से. च्या आत ठेवायला सुमारे ६२ चौ.मी. वाट लागते. दारे २४ चौ.मी. च देतात, वेग २.६ होऊन धुराचा झोत कलंडतो आणि जास्त हवा ओढून घेतो. उरलेले ३८ चौ.मी. तळमजल्यावरच्या लूव्हरमधून घ्यावेत.

खरी अडचण. दुकानातली आग स्प्रिंकलरने २.५ मेगावॅटवर रोखली तरी तिचा धूर ४.५ मी. उंचीच्या बाल्कनीखालून ८ मी. रुंद पसरून वर चढतो. Q म्हणजे किलोवॅटमध्ये आग, W पट्ट्याची रुंदी, H बाल्कनीची उंची आणि zb बाल्कनीपासून थरापर्यंतचे ७.५ मी. अंतर धरले तर:

```
m = 0.36 (QW²)^(1/3) (zb + 0.25H)
  = 0.36 × 54.3 × 8.625 ≈ 169 kg/s
```

आग निम्मी, धूर दुपटीहून जास्त, कारण रुंद पट्टा कडेने खूप हवा ओढतो. आकारमान १४५ घनमीटर प्रति सेकंद होते. शिवाय हा धूर हवेपेक्षा जेमतेम १० अंशांनी गरम असल्यामुळे छताशी नीट थर धरेलच असे नाही. पंखे दुप्पट करून हे सुटत नाही. प्रत्येक दुकानाच्या तोंडाशी आपोआप उतरणारा धूरपडदा आणि दुकानाचा स्वतःचा धूर-निकास द्यावा. पडदा माणसांची वाट अडवणार नाही अशा उंचीवर थांबावा, आणि वीज गेल्यावर स्वतःच्या वजनाने उतरतो का ते प्रत्यक्ष पाहूनच स्वीकारावा.