बिबट्या पकडून लांब सोडला, तर त्रास कमी होतो का?

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरचे शेतकरी, सरपंच, पोलीस पाटील व ग्रामसेवक यांच्यासाठी

थोडक्यात उत्तर: नाही. जुन्नर भागात त्रास उलट वाढला. हे दाखवणारा वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मूळ लेख इंग्रजीत आहे आणि आकडेमोडीने भरलेला आहे, म्हणून त्यातलं कामाचं तेवढं इथे सांगतो.

शेळ्या-वासरं मारली जातात म्हणून २००१ पासून बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलात सोडायचा सपाटा लागला. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. ही मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. हल्ल्यांमध्ये माणूस दगावण्याचं प्रमाणही दुप्पट झालं.

असं का व्हावं? पकडापकडीच्या ताणाने जनावर बिथरतं. पिंजऱ्यात रोज माणसं बघून त्याची भीड चेपते. मग अनोळखी मुलखात, वस्त्यांमधूनच वाट काढत फिरावं लागतं. ही कारणं संशोधकांनी शक्यता म्हणून मांडली आहेत, तशीच ती वाचावीत. शिवाय बिबट्याला स्वतःचा इलाका असतो. एक उचलला की मोकळ्या जागेत दुसरा येऊ शकतो, आणि उसात लपण आहे तोवर येणारच.

शेजारच्या अकोले तालुक्यातल्या विष्ठेच्या तपासणीतून आणखी एक गोष्ट कळते. बिबट्याच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता, त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. तिथे कुत्र्यांपेक्षा शेळ्या कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा फक्त ११ टक्के. आमच्या मते याचं कारण सरळ आहे: शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रं मोकाट. मोकाट कुत्री घाणीवर पोसतात, म्हणून ग्रामपंचायतीने आधी उकिरडे आणि मटणाच्या दुकानामागची घाण हटवावी. पिंजऱ्याच्या मागणीचा ठराव लिहायला लागतो तेवढाच वेळ याच्या ठरावाला लागतो.

याचा अर्थ पिंजरा कधीच नको, असा नाही. माणसावर हल्ला करणारा नेमका बिबट्या ओळखून पकडणं वेगळं, आणि नुसता दिसला म्हणून उचलायला लावणं वेगळं.

शेतकऱ्यांनी गोठ्याला वरूनही जाळी मारावी. नुसती भिंत बिबट्या सहज चढतो. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला एकट्याने जाऊ नये, बॅटरी आणि काठी हवीच, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावली तरी चालतील. उसाच्या कडेला वाकून बसू नका, लहान पोरांना एकटं सोडू नका. तोडणीत बछडे सापडले तर हात लावू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. तोड थांबवून वनरक्षकाला बोलवा, मादी जवळच असते.

जनावर मारलं गेलं तर पंचनामा होईपर्यंत ते जागेवरून हलवू नका, नाहीतर भरपाई अडकते. वनविभागाची हेल्पलाइन: १९२६.