इन्स्ट्रक्शनल डिझायनर पोस्टसाठी अर्ज: अकरा वर्षं विज्ञान शिकवल्यानंतर

नमस्कार मॅडम,

कस्टमर सपोर्टच्या नवीन लोकांच्या ऑनबोर्डिंगसाठी तुम्हाला इन्स्ट्रक्शनल डिझायनर हवाय, त्यासाठी हा अर्ज. मराठीतून मॉड्यूल्स लिहू शकणारं कोणीतरी हवं असं जाहिरातीत आहे म्हणून पत्रही मराठीतच लिहितेय.

मी अकरा वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतेय. लेसन प्लॅनला स्टोरीबोर्ड म्हटलं आणि मुलांना लर्नर्स म्हटलं की शिक्षकाचा डिझायनर होत नाही हे मला कळतं, त्यामुळे नुसते शब्द न बदलता काम काय केलंय तेच सांगते.

माझं सगळ्यात जास्त डोकं चुकीच्या उत्तरांवर चालतं. मोठ्या झाडाचं वजन मुख्यतः कुठून येतं असं विचारलं की बहुतेक मुलं मातीतून म्हणतात, खरं तर त्यातला मोठा भाग हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यातून येतो. म्हणून प्रश्न काढताना माती हा पर्याय मी मुद्दाम ठेवते आणि पेपर तपासताना किती मार्क पडले यापेक्षा कुठला चुकीचा पर्याय जास्त जणांनी निवडला ते आधी बघते, दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू होतो. तुमच्या कामात हेच क्विझच्या पर्यायांना आणि सिनॅरिओला लागू पडतं. कोणीच निवडणार नाही असे तीन पर्याय दिले की शंभर टक्के निकाल लागतो आणि फ्लोअरवर तिकिटं तशीच चुकीची बंद होत राहतात.

मोठ्यांना शिकवलंय का, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. हो, शाळेत हजेरी, गृहपाठ सगळं नव्या ऑनलाइन सिस्टिमवर गेलं तेव्हा चाळीसेक सहकाऱ्यांचं ट्रेनिंग माझ्याकडे होतं (त्यात माझ्यापेक्षा वीस वर्षं सीनियर लोक, आणि शिक्षकांइतका अवघड विद्यार्थी नसतो हो). सेशननंतरचा फीडबॅक छान आला पण काही आठवड्यांनी वर्गांत जाऊन बघितलं तर बरेच जण परत कागदी रजिस्टरवर. विचारल्यावर कळलं की वापरायचं कसं ते सगळ्यांना येत होतं, फक्त हजेरीच्या स्क्रीनपर्यंत पोचायला इतके क्लिक लागायचे की तासाची पहिली पाच मिनिटं जायची. म्हणजे अजून एक सेशन घेऊन काहीच झालं नसतं, मग सिस्टिमवाल्यांकडून थेट हजेरीच्या पानाची लिंक मागून घेतली, एका पानाची चेकलिस्ट केली आणि टेबलाला चिकटवली, त्यावर रजिस्टर हळूहळू बंद झालं. कर्कपॅट्रिकच्या भाषेत पहिल्या लेव्हलला सगळं मस्त आणि तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे प्रत्यक्ष वागण्यात, शून्य अशी ती केस होती. तेव्हापासून ट्रेनिंग बनवण्याआधी मी विचारते की माणसाला येत नाहीये की येतंय पण करता येत नाहीये, आणि दुसरं असेल तर मॉड्यूल बनवू नका हेही स्पष्ट सांगते. तुमच्याकडेही सांगेन, चालत असेल तर.

उद्दिष्टांबद्दलही तसंच. 'रिफंड पॉलिसी समजून घेणे' असं मी लिहिणार नाही, कारण समजलं की नाही ते दिसत नाही. 'ग्राहकाची तक्रार वाचून रिफंड, रिप्लेसमेंट की एस्कलेशन हे ठरवणे आणि कारण नोंदवणे' असं लिहिलं की त्याची टेस्ट काय आणि सराव काय हे आपोआप ठरतं, आणि त्यात न बसणाऱ्या स्लाइड्स निर्दयपणे काढता येतात. पाठ्यपुस्तकात ती सोय नव्हती, सगळा पोर्शन संपवावाच लागतो, त्यामुळे या कामाचं मला खरंच आकर्षण आहे.

जे नाहीये तेही सांगते. कंपनीतल्या एसएमईकडून माहिती काढून घेऊन डेडलाइनमध्ये कोर्स लाइव्ह करणं हे मी अजून केलेलं नाही. स्टोरीलाइन आणि राइज स्वतः शिकलेय, स्टोरीलाइनमध्ये ट्रिगर्स आणि ब्रँचिंग जमतं, पण गुंतागुंतीच्या व्हेरिएबल्सवर हात अजून बसायचाय. स्कॉर्म पॅकेज काढून टेस्ट एलएमएसवर कम्प्लीशन नीट नोंदवलं जातंय का ते तपासलंय.

सोबत आठ मिनिटांचं एक सॅम्पल मॉड्यूल जोडलंय, विषय चिडलेल्या ग्राहकाची तक्रार. त्यात चुकीचा पर्याय निवडला की लाल फुली येत नाही, ग्राहकाचा पुढचा रिप्लाय येतो आणि प्रकरण चिघळत जातं. स्टोरीबोर्डही दिलाय, त्यात कुठला सीन का कापला याच्या नोट्स आहेत. वेळ कमी असेल तर मॉड्यूलपेक्षा त्या नोट्सच वाचा.

शाळेला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. निवडीसाठी एखादं छोटं टास्क दिलंत तर आनंदाने करेन, फक्त मोजकी खरी चुकलेली तिकिटं नावं काढून पाठवा म्हणजे काल्पनिक चुकांवर डिझाइन करावं लागणार नाही. शाळेच्या दिवशी चारनंतर कधीही कॉल केलात तरी चालेल, नंबर सीव्हीवर आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका