नाव जुळत नाही

माझ्या मुलीचा, वेदाचा, पेटीचा पहिला ऑनलाइन तास साडेसहाला होता. पावणेसहा वाजून गेले तरी मी नावनोंदणीच्या तिसऱ्या पायरीवरच होतो.

पहिल्या दोन पटकन झाल्या. मोबाइल नंबर, इयत्ता आठवी, जन्मतारीख. तारीख भरली आणि पुढचं पान उघडलं: विद्यार्थिनी अठरा वर्षांखालील आहे, पालकाची पडताळणी आवश्यक. मला ते पटलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेताना पालकाची खातरजमा करून संमती घ्यायला सांगितलं आहे. पोरीचा चेहरा, आवाज, घरचा पत्ता पुण्यातल्या क्लासकडे जाणार. बापाला विचारायलाच हवं.

डिजिलॉकरचा ओटीपी यायला वेळ लागला. वाळपईकडच्या आमच्या वाड्यावर पावसात रेंज सोप्याच्या टोकालाच मिळते, तीही एका कोपऱ्यात. आधार पोचलं. मग वेदाचा जन्मदाखला चढवला. चक्र फिरत राहिलं आणि तांबडी ओळ आली:

`Parent name does not match.`

पुन्हा केलं. तेच. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा दिसलं. माझ्या आधारवर `Gaonkar`, वेदाच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे `Gauncar`.

आमच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. पोर्तुगीज लिहिणारे ‘क’साठी ‘सी’ वापरत, म्हणून नोंदवहीत ते गावकराचे `Gauncar` झाले. माझ्या जन्मनोंदीतही तेच उतरलं. शाळेत मास्तरांनी `k` लिहिला आणि आधार शाळेच्या दाखल्यावरून निघालं. वेदा जन्मली तेव्हा नोंदणीला मी माझी जन्मनोंद दिली होती. गोव्यात असं एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी वागवणारी घरं कितीतरी आहेत. देवनागरीत लिहिलं की सगळे पुन्हा एकच होतात. पण त्या पानावर देवनागरीला जागा नव्हती.

वेदा पेटीचा भाता उघडून बसली होती. प्रारंभिकच्या परीक्षेला बसायचं तिनं मनावर घेतलं आहे. देवळातल्या भजनाला साथ करणारे आमचे काका गेल्यापासून गावात शिकवणारं कुणी उरलं नाही. ही पेटी त्यांचीच.

"बाबा, जमत नाही?"

"जमेल, बाय. नाव अडलंय."

क्लासच्या नंबरावर फोन लावला. तिकडच्या बाई म्हणाल्या, "सर, आडनाव बदललं असेल तर राजपत्र जोडा."

"बदललेलं नाही," मी म्हणालो. "एकच आहे. लिहिणारे वेगळे होते." आवाज चढला होता. आपल्याच पोरीचा बाप असल्याचं परक्या माणसाला पटवून द्यायचं, हे मला आत कुठेतरी लागलं होतं. मग मी थांबलो आणि आजोबांपासून सगळं सावकाश सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही.

"मुलीचं आधार आहे? त्यावर पत्त्यात तुमचं नाव कसं आहे?"

पाहिलं. `C/O` पुढे माझं नाव, `k` घालून.

"ते जोडा, आणि जे मला सांगितलंत ते चार ओळींत लिहा. मशीन नाही, आमचं माणूस बघेल. पण आजचा तास मिळणार नाही."

तास बुडाला. वेदा काही बोलली नाही. भाता मिटला, पेटीवर काकांचं धोतर फाडून केलेलं फडकं घातलं आणि आत गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडताळणी झाल्याचा मेसेज आला. आता संमतीचं पान. वेदाला शेजारी बसवलं आणि एकेक ओळ मराठीत करून सांगितली.

"संमती माझी की तुमची?" तिनं विचारलं.

"कायद्यानं माझी. पण आवाज तुझा आहे. तू सांग."

तासाला कॅमेरा चालू: हो. रेकॉर्डिंग तिला आणि शिक्षकांना बघायला: हो. तासातले तुकडे क्लासच्या जाहिरातीत वापरायला: तिथं ती थबकली.

"चुकलेलं वाजवलेलं पण दाखवतील?"

"दाखवू शकतील."

"मग नको."

त्या चौकटीतली खूण आधीच केलेली होती. मी काढली. वाटलं, आता पुन्हा तांबडी ओळ येणार. खालचं बटण तिलाच दाबायला सांगितलं. पान पुढं गेलं.

साडेसहाला सोप्याच्या त्याच कोपऱ्यात पाटावर पेटी मांडली. पाऊस चालूच होता. शिक्षकांनी नाव विचारलं.

"वेदा गावकर," ती म्हणाली, आणि सा धरला.